तेरा बाय दहाचा हिशेब

७ ऑक्टोबर २०२३. हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत पुरुषांच्या कबड्डीची अंतिम लढत सुरू होती. भारत विरुद्ध इराण, गुणफलकावर २८-२८, वेळ संपत आलेली. भारताचा कर्णधार पवन सेहरावत चढाईला गेला आणि कोणालाही स्पर्श न करता बाजूच्या राखीव क्षेत्रात, म्हणजे लॉबीत उतरला. त्याला रोखायला इराणचे बचावपटूही त्याच पट्ट्यात धावले. बाद कोण, एकटा चढाईपटू की त्याच्यामागे लॉबीत शिरलेले सगळेच? पंचांचे निर्णय फिरत राहिले, दोन्ही संघ मैदानातच ठाण मांडून बसले आणि खेळ तासाभराच्या आसपास थांबला. शेवटी भारताला चार आणि इराणला एक गुण मिळाला आणि भारताने सामना ३३-२९ असा जिंकला.

वाद नियमाच्या अर्थाचा होता. पाय लॉबीत पडला, याबद्दल मात्र कोणालाच शंका नव्हती, कारण लॉबीची रेषा जिथे हवी तिथेच होती. गावच्या जत्रेतल्या, शाळेच्या पटांगणावरच्या किंवा मंडळाच्या वार्षिक स्पर्धेतल्या मैदानाबद्दल ही खात्री दर वेळी देता येत नाही. तिथे सामन्याच्या आदल्या संध्याकाळी एक टेप, थोडी सुतळी आणि फक्कीची गोणी घेऊन चार पोरे मैदान आखतात. मापे त्यांना पाठ असतात, तरीही मैदान चुकते. टेप कुठून लावली आणि फक्की सुतळीच्या कोणत्या बाजूला पडली, या दोन गोष्टींत बहुतेक चुकांचे मूळ असते.

आधी मापे. पुरुष आणि कुमार गटासाठी मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. महिला आणि कुमारी गटासाठी १२ बाय ८, तर किशोर-किशोरींसाठी ११ बाय ८. सगळ्या रेषा ३ ते ५ सेंटिमीटर जाडीच्या असतात. मैदानाबाहेर चारही बाजूंना ४ मीटर मोकळी जागा सोडायची. म्हणजे पुरुषांच्या मैदानासाठी २१ बाय १८ मीटरची सपाट जागा हाताशी हवी. जागा निवडताना हा बाहेरचा पट्टा विसरला जातो. मग पकडीच्या जोरात बाहेर फेकला गेलेला खेळाडू थेट मंडपाच्या खांबावर किंवा पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांच्या अंगावर जातो.

सर्वांत मोठा घोटाळा होतो तो लॉबीच्या मापात. दोन्ही बाजूंची एक-एक मीटरची लॉबी १० मीटर रुंदीच्या आत धरलेली असते. दहातून दोन वजा जाता मधे ८ मीटर उरतात आणि चढाई सुरू होते ती या आठ मीटरच्या पट्ट्यात. चढाईपटूचा आणि बचावपटूचा स्पर्श होऊन झटापट सुरू झाली की दोन्ही लॉबी खेळात येतात आणि मैदान दहा मीटरचे होते. स्पर्शाआधी लॉबीत पाय पडला तर खेळाडू बाद. अनेक ठिकाणी मात्र आधी १३ बाय १० चा चौकोन आखतात आणि मग त्याच्या बाहेर दोन्हीकडे एकेक मीटर जोडतात. मैदान १२ मीटर रुंद होते आणि आतला पट्टा आठऐवजी दहाचा. चढाईपटूला पळायला दोन मीटर जादा मिळतात आणि हातात हात धरून उभी असलेली बचावाची साखळी तेवढी ताणली जाते. कोपरारक्षक आणि त्याचा जोडीदार यांच्यातली फट वाढते. ज्या संघाची सारी भिस्त पकडीवर आहे, तो अशा मैदानावर पहिल्या पाच मिनिटांतच अडचणीत येतो आणि दोष मात्र खेळाडूंना मिळतो.

आता प्रत्यक्ष आखणी. पुरुषांचे मैदान आखायचे आहे असे धरू. जमीन नांगरून, खडे वेचून, पाणी मारून आणि रोलर फिरवून तयार आहे. पहिले काम अंतिम रेषेचे. एका कोपऱ्यात खुंटी ठोकायची आणि तिथून १० मीटरवर दुसरी. ही पहिली बाजू. टेपचा शून्य कुठे आहे, हे याच वेळी पाहून घ्यावे. काही टेपांवर तो कडीच्या बाहेरच्या टोकापासून सुरू होतो, काहींवर पट्टीवर छापलेल्या रेषेपासून. एकाने कडी धरून मोजले आणि दुसऱ्याने रेषा धरून, तर एकाच मैदानाच्या दोन बाजू वेगळ्या निघतात.

दुसरे काम काटकोनाचे. गवंडी ज्याला गुण्या म्हणतो, तेच तंत्र इथे चालते. तीन-चार-पाचच्या त्रिकोणाचा एक कोन काटकोन असतो. मैदान मोठे असल्याने तो त्रिकोणही मोठा घ्यावा, म्हणजे चूक लपत नाही. कोपऱ्यापासून अंतिम रेषेवर ८ मीटरची खूण करायची, बाजूच्या सुतळीवर ६ मीटरची, आणि या दोन खुणांमधले तिरके अंतर बरोबर १० मीटर येईपर्यंत बाजूची सुतळी हलवत राहायचे. दहा आले की सुतळी त्याच दिशेने १३ मीटरपर्यंत ताणायची आणि तिसरी खुंटी ठोकायची. दुसऱ्या कोपऱ्यातून तेच केले की चौथी खुंटी मिळते.

यानंतरची तपासणी मात्र टाळू नये. दोन्ही कर्ण मोजायचे. १३ बाय १० च्या चौकोनाचा कर्ण १६.४० मीटर येतो आणि दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. नुसत्या बाजू मोजून भागत नाही. समजा, समोरची अंतिम रेषा सबंधच्या सबंध ३० सेंटिमीटर एका बाजूला सरकली. चौकोन तिरका झाला, पण बाजूची लांबी त्यामुळे वाढते फक्त ३ मिलिमीटर. टेपवर ते दिसणारही नाही. बाजूला तेरा, रुंदीला दहा, सगळे ठीक, असे म्हणून पोरे पुढे जातात. कर्ण मोजले तर मात्र एक १६.५९ आणि दुसरा १६.२२ निघतो. ३७ सेंटिमीटरचा फरक शाळकरी पोरालाही कळेल. मध्यरेषा, निदान रेषा, बोनस रेषा या सगळ्यांचे टोक बाजूच्या रेषांवरच ठरत असल्याने चौकोन वाकडा तर सारेच वाकडे.

चौकोन पक्का झाला की आडव्या रेषा. तेरा मीटरच्या बरोबर मधोमध, साडेसहा मीटरवर मध्यरेषा. तिच्यापासून ३.७५ मीटरवर प्रत्येक अंगणात निदान रेषा. निदान रेषेपासून अंतिम रेषेच्या दिशेने आणखी १ मीटरवर बोनस रेषा. बोनस रेषेच्या मागे अंतिम रेषेपर्यंत १.७५ मीटरचा पट्टा उरतो.

या रेषा आखताना प्रत्येक वेळी टेप उचलून मागच्या रेषेपासून पुढची मोजणे सोपे वाटते. त्यात प्रत्येक रेषेची सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची चूक पुढच्या रेषेला चिकटते आणि वाढत जाते. जाणकार माणूस टेप एकदाच पसरतो. बाजूच्या रेषेवर एका अंतिम रेषेपासून दुसऱ्या अंतिम रेषेपर्यंत टेप ताणून ठेवायची आणि खुणा करायच्या त्या या आकड्यांवर: १.७५ वर बोनस, २.७५ वर निदान, ६.५० वर मध्य, १०.२५ वर निदान, ११.२५ वर बोनस आणि १३ वर दुसरी अंतिम रेषा. मग टेप समोरच्या बाजूला नेऊन तीच ओळ पुन्हा. समोरासमोरच्या खुणांमध्ये सुतळी ताणली की आडव्या रेषा तयार. लॉबीसाठी दोन्ही अंतिम रेषांवर कडेपासून १ आणि ९ मीटरवर खुणा करून उभ्या सुतळ्या ताणायच्या.

खेड्यांत अजूनही फुटांचा टेप हाती येतो. तेरा मीटर म्हणजे सुमारे ४२ फूट ८ इंच आणि दहा मीटर म्हणजे ३२ फूट १० इंच. त्याऐवजी हिशेब सोपा करायला ४३ बाय ३३ आखले, तर मैदान लांबीत ११ आणि रुंदीत ६ सेंटिमीटरने वाढते. मीटरचा टेप शेजारच्या गावातून मागवावा, पण हा गोल हिशेब करू नये.

आता सुतळीवर फक्की पडते आणि दुसरी बारीक चूक इथे शिरते. कबड्डीत रेषा मैदानाचाच भाग असतात. हद्दीच्या रेषेवर पडलेला पाय आतच आहे, तिच्यापलीकडे जमिनीला टेकलेला पाय बाहेर. म्हणजे १३ बाय १० हे माप रेषेच्या बाहेरच्या कडेचे. सुतळी १३ मीटरवर ताणली असेल तर फक्की तिच्या आतल्या अंगाला पडली पाहिजे. ती बाहेरच्या अंगाला पाच-पाच सेंटिमीटर पडली की मैदान १३.१० मीटरचे होते.

बोनस रेषेचे प्रकरण आणखी नाजूक आहे. अंगणात सहा किंवा सात बचावपटू असतील तेव्हाच बोनस गुण खुला असतो. चढाईपटूने एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवायचा आणि त्या क्षणी त्याचा दुसरा पाय हवेत हवा. रेषेवर पडलेला पाय बोनस ठरत नाही, रेषा पूर्ण ओलांडावी लागते. त्यामुळे चढाईपटूच्या दृष्टीने महत्त्वाची असते ती रेषेची पलीकडची, अंतिम रेषेकडची कड. आता फक्की मारणारा माणूस कसा चालतो ते पाहा. त्याला उजव्या हाताची सवय. तो सुतळीच्या डावीकडून चालत जातो आणि फक्की सुतळीच्या डाव्या अंगाला पडते. एका अंगणातली बोनस रेषा तो अशी आखतो, मग त्याच दिशेने चालत दुसऱ्या अंगणातली. पहिल्या अंगणात डावे अंग म्हणजे मध्यरेषेची बाजू, तर दुसऱ्यात अंतिम रेषेची. सुतळ्या दोन्ही बरोबर ४.७५ मीटरवर आहेत, पण एका अंगणातला बोनस दुसऱ्यापेक्षा पाच सेंटिमीटर लांब गेला. पाच सेंटिमीटर म्हणजे पायाची पुढची बोटे. मध्यंतरानंतर संघ अंगणे बदलतात आणि पहिल्या डावात सहज मिळालेला बोनस दुसऱ्या डावात पंच नाकारतात. उपाय साधा आहे. आतल्या रेषांची फक्की दोन्ही अंगणांत मध्यरेषेकडून पाहता एकाच अंगाला पडेल, असे आधी ठरवून घ्यायचे आणि जाडी सगळीकडे एकच ठेवायची. त्यासाठी पाच सेंटिमीटर रुंदीची फट असलेला लाकडी साचा सुतळीला लावून सरकवत नेला की हात हलत नाही.

निदान रेषेचा नियम वेगळा आहे. चढाईपटू कोणालाही न शिवता परत आला, तर निदान एकदा तरी त्याने ही रेषा ओलांडलेली असली पाहिजे, नाहीतर तो बाद. ही रेषा दहा सेंटिमीटर आत सरकली तर बिचकत चढाई करणाऱ्याचे फावते, बाहेर सरकली तर त्याचाच बळी जातो. निदान आणि बोनस या दोन्ही रेषा मधल्या आठ मीटरच्या पट्ट्यात आखतात, लॉबीत ओढत नाहीत. त्याचे कारणही नियमातच आहे. लॉबी खेळात येते ती स्पर्शानंतर, आणि स्पर्श झाल्यावर बोनस मिळत नाही. मध्यरेषेचे मात्र तसे नाही. झटापटीत लॉबीत ओढला गेलेला चढाईपटू तिथूनही आपल्या अंगणाकडे झेपावतो, म्हणून ती पूर्ण दहा मीटर लागते.

महिलांच्या मैदानात आकडे बदलतात आणि एक गंमतही दिसते. १२ मीटरच्या मैदानात मध्यरेषा ६ मीटरवर, निदान रेषा मध्यरेषेपासून ३ मीटरवर आणि बोनस ४ मीटरवर. बोनसच्या मागे अंतिम रेषेपर्यंत पूर्ण २ मीटर उरतात. मैदान लहान, पण बोनसमागचा पट्टा पुरुषांच्या पट्ट्यापेक्षा २५ सेंटिमीटरने खोल. एक मीटरच्या दोन लॉबी वगळता आतली रुंदी ६ मीटर राहते. कर्ण तपासायचा तो १४.४२ मीटरचा.

आयोजकांची खरी परीक्षा होते ती एकाच मैदानावर पुरुष आणि महिला दोन्ही गटांचे सामने असतात तेव्हा. वेळ वाचावा म्हणून दोन्ही मैदाने एकमेकांवर आखली जातात. मध्यरेषा सामाईक ठेवली तर महिलांची अंतिम रेषा पुरुषांच्या रेषेपासून अर्धा मीटर आत येते आणि पुरुषांची लॉबीची रेषा तीच महिलांची बाजूची हद्द ठरते. इथवर जमते. पण महिलांची बोनस रेषा पुरुषांच्या निदान रेषेपासून अवघ्या २५ सेंटिमीटरवर पडते. धुळीत, घाईत, दिव्यांच्या उजेडात पंचांना नेमकी कोणती रेषा ओलांडली गेली, हे ठरवणे कठीण जाते. खेळाडू तर सवयीने दिसेल त्या पांढऱ्या रेषेवर भरवसा ठेवते. एका गटाचे सगळे सामने आधी उरकून घ्यावेत आणि मग जुन्या आतल्या रेषा पाणी मारून मिटवून नव्या आखाव्यात. ते शक्यच नसेल तर दुसऱ्या गटाच्या रेषा वेगळ्या रंगाच्या हव्यात.

मॅटवर हे सारे आपोआप बरोबर येते, असा एक समज आहे. बाजारात सर्रास मिळणारे मॅटचे तुकडे एक चौरस मीटरचे असतात आणि दात्यांनी एकमेकांत अडकतात. महिलांच्या मैदानाला हा हिशेब छान जुळतो. दोन, तीन आणि सहा मीटरच्या सगळ्या रेषा तुकड्यांच्या सांध्यावरच येतात. पुरुषांच्या मैदानात मात्र मध्यरेषा सातव्या तुकड्याच्या मधोमध पडते, तर बोनस आणि निदान रेषा आपापल्या तुकड्याच्या पाऊण भागावर. सांधा धरून पट्टी चिकटवली की पाव मीटरची चूक ठरलेली. शिवाय दाते पूर्ण बसले नाहीत आणि प्रत्येक सांध्यात ३ मिलिमीटरची फट राहिली, तर तेरा तुकड्यांच्या ओळीतले बारा सांधे मिळून साडेतीन सेंटिमीटर वाढवतात. त्यामुळे मॅट अंथरल्यावरही टेप लावावीच लागते.

मातीवर रेषा कशाने ओढली, हाही प्रश्न खेळाडूच्या कातडीचा आहे. कबड्डीत गुडघे, कोपरे, गाल, सगळे जमिनीला घासते. कळीचा चुना ओल्या मातीवर टाकला तर तो कातडी भाजतो आणि डोळ्यांत गेला तर डोळ्यांना इजा करतो. मैदान आखायला खडूची किंवा संगमरवराची भुकटी वापरावी. रेषा टिकावी म्हणून खिळ्यांनी ठोकलेल्या पट्ट्या तर मैदानात नकोतच. तीच गोष्ट खुंट्यांची. आखणी झाल्यावर मैदानातली प्रत्येक खुंटी उपटून खड्डा बुजवायचा.

पण खुंट्या काढल्या की दुसऱ्या दिवशी रेषा पुन्हा आखायची कशी? दोन-तीन सामन्यांत मध्यरेषा आणि निदान रेषा पायांखाली पुसल्या जातात. मग कोणीतरी उरलेल्या पांढऱ्या खुणेवर अंदाजाने फक्की मारतो आणि दर खेपेला रेषा दोन बोटे सरकते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक रेषेची सुतळी मैदानाबाहेर, चार मीटरच्या मोकळ्या जागेच्याही पलीकडे वाढवायची आणि तिथे जमिनीशी सपाट अशा खुंट्या ठोकून ठेवायच्या. दोन सामन्यांच्या मधल्या वेळात त्यांवर सुतळी ताणली की रेषा आपल्या जागी परत येते, टेप काढावीही लागत नाही.

राहता राहिली बाद खेळाडूंची बसायची जागा. अंतिम रेषेच्या मागे २ मीटरवर १ मीटर रुंदीचा पट्टा आखायचा. त्याची लांबी पुरुषांसाठी ८ मीटर आणि महिलांसाठी ६. बाद झालेले गडी तिथे क्रमाने बसतात आणि त्याच क्रमाने जिवंत होतात.

तुमच्या मंडळाची स्पर्धा जवळ आली असेल, तर पहिल्या सामन्याआधी पंच आणि दोन्ही कर्णधार यांच्यादेखत चारच मापे घ्या. दोन्ही कर्ण सारखे आहेत का? दोन्ही अंगणांत मध्यरेषेपासून बोनस रेषेची पलीकडची कड सारख्याच अंतरावर आहे का, आणि तेही रेषेच्या दोन्ही टोकांना? निदान आणि बोनस यांत एक मीटर आहे का? लॉबीची रुंदी दोन्ही टोकांना आणि मध्यावर एक मीटरच आहे का? टेप हाताशी असेल तर याला दहा मिनिटे पुरतात. माप चुकलेले निघाले तर रेषा तेव्हाच मिटवून पुन्हा आखा, कारण एकदा नाणेफेक झाली की त्या रेषेवर दिलेला प्रत्येक गुण तसाच राहतो.